पॉइंटर मागे का फिरत नाही? अडतीस वर्षं टिकलेल्या एका चुकीची गोष्ट

मुलाखतीची किंवा प्रवेश परीक्षेची तयारी करताना आपल्याला एक सवय लागते. प्रश्नात ‘सलग उपसूची’ दिसली की स्लायडिंग विंडो लावायची. ‘क्रमवारी लावलेली सूची’ दिसली की दोन पॉइंटर लावायचे. परीक्षेत हे बऱ्याचदा चालून जातं, कारण प्रश्न काढणाऱ्यानं उत्तर आधी ठरवलेलं असतं. संशोधनात मात्र प्रश्न कुणी काढून दिलेला नसतो, त्यामुळे शब्द ओळखून पद्धत निवडणं तिथे अंगाशी येतं. ते फक्त तुमच्या-माझ्या अंगाशी येतं असंही नाही. या विषयातल्या चांगल्या नावाजलेल्या लोकांच्याही आलं आहे, आणि एकदा तर ती चूक 1979 ते 2017 इतका काळ कुणाच्या लक्षात आली नाही. आज तीच गोष्ट सांगणार आहे.

मी यात कशी शिरले ते आधी सांगते. माझं काम वाळूच्या कणांवर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कणांचे फोटो काढायचे, प्रत्येक कणाची बाह्यरेषा काढायची आणि मग त्याची मापं घ्यायची. त्यातलं एक माप म्हणजे कणाची जास्तीत जास्त लांबी, म्हणजे बाह्यरेषेवरच्या सर्वांत दूरच्या दोन बिंदूंमधलं अंतर. बाह्यरेषेला बाहेरून रबरबँड ताणून लावल्यासारखा बहिर्वक्र बहुभुज काढला, तर हे दोन बिंदू नेहमी त्याच्या शिरोबिंदूंवरच सापडतात. तेव्हा प्रश्न असा झाला: बहिर्वक्र बहुभुजाचे n शिरोबिंदू ओळीनं दिलेत, सर्वांत दूरची जोडी शोधा.

सगळ्या जोड्या तपासल्या की काम होतंच. पण मला वाटलं, हे तर दोन पॉइंटरचं सरळ उदाहरण आहे. एक पॉइंटर i एका शिरोबिंदूवर ठेवायचा. दुसरा पॉइंटर j पुढे सरकवत न्यायचा. अंतर वाढतंय तोवर सरकायचं, कमी व्हायला लागलं की थांबायचं. मग i एक घर पुढे न्यायचा आणि j जिथे आहे तिथूनच पुढे चालू. दोघं मिळून बहुभुजाला दोन-तीन फेऱ्या मारतात, म्हणजे n² ऐवजी n च्या पटीत काम. लिहून टाकलं, चाललं, उत्तरंही बरोबर दिसली. पुढे एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळत्या अशा कणांवर माझी लांबी आमच्या गटातल्या जुन्या प्रोग्रॅमपेक्षा थोडी कमी यायला लागली. थोडीच, एखाद-दोन टक्के. मी आठवडाभर फोटोंच्या मोजपट्टीवर संशय घेत बसले. दोष मोजपट्टीत नव्हताच.

इथे थांबून मूळ मुद्दा नीट बघू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

सगळ्यात साधं उदाहरण घ्या. ऋण नसलेल्या संख्यांची सूची आहे आणि बेरीज S पेक्षा जास्त होणार नाही अशी सर्वांत लांब सलग उपसूची हवी आहे. उजवं टोक r एकेक घर पुढे नेतो. बेरीज S च्या वर गेली की डावं टोक l पुढे आणतो. हे बरोबर का आहे? कारण l पासून r पर्यंतची बेरीज जर जास्त झाली असेल, तर l पासून r+1 पर्यंतचीही जास्तच असणार. नवी संख्या ऋण नाही ना. म्हणजे l ला एकदा सोडलं की तो पुढच्या कुठल्याही r साठी कामाचा नाही. तो कायमचा बाद झाला. पॉइंटर मागे न फिरवण्याची परवानगी आपल्याला या एका वाक्यामुळे मिळते. ‘सलग उपसूची’ या शब्दांमुळे ती मिळत नाही.

आता एक ऋण संख्या टाका: 2, 4, −3, 1 आणि S = 4. पहिली संख्या घेतली, बेरीज 2. दुसरी घेतली, बेरीज 6 झाली म्हणून 2 सोडून दिला, राहिले 4. मग −3 आला, बेरीज 1. मग 1 आला, बेरीज 2. उत्तर आलं लांबी 3. पण चारही संख्यांची बेरीज बरोबर 4 आहे, म्हणजे खरं उत्तर लांबी 4. ज्या 2 ला आपण कायमचा बाद केला, तो पुढे −3 आल्यावर पुन्हा कामाचा झाला होता. प्रश्नातले शब्द तेच, मांडणी तीच. फक्त ‘कायमचा बाद’ म्हणण्याचं कारण गेलं.

माझ्या कणांच्या प्रश्नात हे कारण काय होतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर मी ते कधी विचारलंच नव्हतं. डोळ्यांसमोर वर्तुळासारखा बहुभुज होता. वर्तुळावर एका बिंदूपासून निघालो की अंतर वाढत वाढत व्यासाच्या टोकापर्यंत जातं आणि मग कमी होत जातं. एकच शिखर. म्हणून मी गृहीत धरलं की कुठल्याही बहिर्वक्र बहुभुजात असंच होत असणार.

हेच गृहीत छापून आलेलं आहे. 1980 च्या सुमारास स्नायडर आणि टँग यांनी प्रतिमांमधल्या आकारांची टोकं शोधण्याविषयी एक लेख लिहिला. त्यात बहिर्वक्र बहुभुजाचा व्यास शोधण्याची पद्धत होती. 1982 मध्ये बिनय भट्टाचार्य आणि गॉडफ्राइड तुसाँ यांनी त्याच नियतकालिकात एक छोटी टिपण दिली आणि ही पद्धत जिथे चुकते अशा बहुभुजांचं एक आख्खं कुटुंबच दाखवलं. त्याच वर्षी डेव्हिड ॲव्हिस, तुसाँ आणि भट्टाचार्य यांचा आणखी एक लेख आला. त्याचा विषयच हा होता की बहिर्वक्र बहुभुजात एका शिरोबिंदूपासूनची अंतरं एकशिखरी नसतात. चढ-उतार अनेकदा होऊ शकतात.

हे वाचल्यावर मी स्वतः कागदावर एक बहुभुज जुळवला. तुम्हीही पेन घेऊन बसा, दहा मिनिटांचं काम आहे. सहा शिरोबिंदू, घड्याळाच्या उलट दिशेनं:

क (0, 0), ख (180, −80), ग (189, −47), घ (200, 0), च (180, 80), छ (167, 75).

आकार बघा: डावीकडे क हे निमुळतं टोक, उजवीकडे ख ते च अशी रुंद, किंचित फुगीर बाजू. अगदी माझ्या त्रासदायक कणांसारखा. वर्गमूळ काढायची गरज नाही, अंतराचे वर्गच तुलनेला पुरतात. क पासून निघालो तर ख चं अंतर वर्गात 38800, ग चं 37930, घ चं 40000, च चं पुन्हा 38800. म्हणजे आधी शिखर, मग छोटी दरी, मग मोठं शिखर. माझा j ख वर पोचला, पुढे ग कडे बघितलं, अंतर कमी दिसलं आणि तिथेच थांबला. घ त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आलाच नाही.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, क पासून घ दिसला नाही तर घ पासून क दिसेल. मलाही तसंच वाटलं होतं, आणि बऱ्याच बहुभुजांत तसं होतंही. म्हणूनच ही चूक लपून राहते. पण इथे पुढे चालवून बघा. i ख वर आला: j ग वर 1170, घ वर 6800, च वर 25600, आणि छ वर 24194 म्हणून च वरच थांबला. i ग वर: च पर्यंत 16210, पुढे छ पर्यंत 15368, थांबला. i घ वर आला: च पर्यंत 6800, पुढे छ पर्यंत 6714. पुन्हा थांबला! छ च्या एकच घर पुढे क आहे, तिथे 40000 वाट बघतंय, पण छोट्या दरीपाशी आपण परत फिरलो. i च वर: छ पर्यंत 194, क पर्यंत 38800, ख पर्यंत 25600 म्हणून क वर थांबला. i छ वर: क पर्यंत 33514, पुढे ख पर्यंत 24194. संपलं. सापडलेलं सर्वांत मोठं 38800, खरं 40000. लांबीत सांगायचं तर 200 ऐवजी साधारण 197. दीड टक्का कमी. माझ्या आठवडाभराच्या डोकेदुखीचा आकडा साधारण एवढाच होता.

आता यातली खरी गंमत. प्रत्येक शिरोबिंदूचा सर्वांत दूरचा सोबती लिहून काढा. क चा घ, आणि मग ख, ग, घ, च, छ या पाचही जणांचा क. क्रमानं बघितलं तर घ, क, क, क, क, क: सोबती कायम पुढेच सरकतोय, एकदाही मागे फिरत नाही! म्हणजे ‘पॉइंटर मागे फिरत नाही’ ही अट इथे पाळली गेली आहे, तरीही पद्धत चुकली.

हे कळल्यावर मला पहिल्यांदा नीट उमगलं की दोन पॉइंटरच्या मागे एक नाही, दोन वेगळ्या अटी असतात आणि आपण त्या एकत्र कालवतो. पहिली: i पुढे गेला की j ची योग्य जागा मागे येत नाही. दुसरी: ती योग्य जागा आली हे फक्त शेजारच्या घराकडे बघून कळतं. बेरजेच्या उदाहरणात दुसरी अट फुकटात मिळते, कारण तिथे आपण शिखर शोधत नसतो. बेरीज मर्यादेच्या आत आहे की बाहेर एवढंच विचारतो आणि एकदा बाहेर गेलेली आत येत नाही. जिथे ‘वाढतंय तोवर सरका’ असं लिहावं लागतं, तिथे दुसरी अट वेगळी सिद्ध करायला लागते. पहिली अट खरी आणि दुसरी खोटी अशा प्रश्नांसाठी वेगळं तंत्र आहे. 1987 मध्ये अगरवाल, क्लावे, मोरान, शोर आणि विल्बर या पाच जणांनी ते मांडलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला स्मॉक म्हणतात. बहिर्वक्र बहुभुजातल्या प्रत्येक शिरोबिंदूचा दूरचा सोबती n च्या पटीत शोधणं हा त्यांच्या लेखातला एक उपयोग होता. ते दोन पॉइंटरइतकं सोपं नाही, आणि आज त्यात शिरत नाही.

मग व्यासाचं काय? त्याचं बरोबर उत्तर या सगळ्या चुकांच्या आधीच उपलब्ध होतं. माइकल शेमॉस यांनी सत्तरच्या दशकात, येल विद्यापीठातल्या 1978 च्या प्रबंधात, प्रश्न थोडा फिरवून विचारला. शिरोबिंदूपासून दूरचा शिरोबिंदू शोधायचा नाही. बाजूपासून दूरचा शिरोबिंदू शोधायचा. कॅलिपरच्या दोन समांतर जबड्यांत बहुभुज धरला आहे अशी कल्पना करा. एक जबडा एका बाजूला टेकलाय, दुसरा समोरच्या कुठल्या तरी शिरोबिंदूला. कॅलिपर हळूहळू फिरवा. दोन्ही टेकण्याच्या जागा एकाच दिशेनं पुढे सरकत जातात. सर्वांत दूरची जोडी कॅलिपरमध्ये कधी ना कधी पकडली जातेच, कारण त्या जोडीच्या दोन टोकांना जोडरेषेशी काटकोनात दोन समांतर रेषा काढल्या, तर आख्खा बहुभुज त्यांच्या आतच राहतो. नाहीतर त्याहून दूरची जोडी मिळाली असती. 1983 मध्ये तुसाँ यांनी या कल्पनेला ‘फिरते कॅलिपर’ हे नाव दिलं आणि तिनं आणखी किती प्रश्न सुटतात ते दाखवलं.

यात दुसरी अट कशी मिळते ते बघा. एका सरळ रेषेपासून बहुभुजाच्या शिरोबिंदूंची लंब अंतरं कडेकडेनं मोजत गेलात, तर ती आधी वाढतात आणि मग कमी होतात. मधे दरी येऊ शकत नाही. आली असती तर तिथे बहुभुजाला आतल्या बाजूला खाच पडली असती आणि तो बहिर्वक्रच राहिला नसता. रेषेपासूनच्या अंतराला बहिर्वक्रता थेट बांधून ठेवते. बिंदूपासूनच्या अंतराला ठेवत नाही. इतका बारीक फरक आहे, आणि प्रोग्रॅममध्ये तो एका ओळीत दिसतो:

```python
def diameter2(p):
    n, j, best = len(p), 1, 0
    for i in range(n):
        k = (i + 1) % n
        while area(p[i], p[k], p[(j+1) % n]) > area(p[i], p[k], p[j]):
            j = (j + 1) % n
        best = max(best, d2(p[i], p[j]), d2(p[k], p[j]))
    return best
```

`area` म्हणजे तीन बिंदूंच्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची दुप्पट. पाया तोच असल्यामुळे क्षेत्रफळ वाढणं म्हणजेच लंब अंतर वाढणं. `d2` म्हणजे अंतराचा वर्ग. माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये `while` च्या ओळीत `area` च्या जागी `d2` होतं. बाकी सगळं जवळपास हेच.

वरच्या सहा बिंदूंवर चालवा. बाजू क-ख: ग साठी 6660, घ साठी 16000, च साठी 28800, छ साठी 26860. थांबा च वर. बाजू ख-ग: च साठी 1440, छ साठी 1824, क साठी 6660, आणि पुढचा ख स्वतः बाजूवरच म्हणून 0. थांबा क वर. बाजू ग-घ: क साठी 9400, पुढच्या ख साठी फक्त 60, म्हणून j क वरच. आता क-ग आणि क-घ या जोड्या मोजल्या जातात आणि 40000 हाताला लागतं. तिसऱ्याच बाजूला.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. 1979 मध्ये डेव्हिड डॉबकिन आणि लॉरेन्स स्नायडर यांनी (हे स्नायडर वेगळे, वरचे वेगळे, माझाही आधी गोंधळ झाला होता) एका मोठ्या परिषदेत लेख सादर केला. प्रश्न असा: बहिर्वक्र बहुभुजाच्या शिरोबिंदूंमधून तीन असे निवडा की त्यांच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ सर्वांत जास्त असेल. सगळी त्रिकुटं तपासली तर n³ च्या पटीत काम. त्यांची पद्धत तीन पॉइंटरची होती. a, b, c शेजारी-शेजारी ठेवून सुरुवात करा. क्षेत्रफळ वाढतंय तोवर c पुढे न्या. मग b पुढे नेऊन वाढतं का बघा. वाढत असेल तर न्या आणि पुन्हा c ला संधी द्या. दोन्हींपैकी कुणालाही पुढे नेऊन वाढत नसेल, तर मिळालेलं क्षेत्रफळ नोंदवा आणि a एक घर पुढे न्या. तीनही पॉइंटर फक्त पुढेच जातात, म्हणून काम n च्या पटीत.

वाचायला इतकं सुंदर की शंका घ्यावी असं वाटतच नाही. आणि ही पद्धत बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतेही. पुढच्या लेखांमध्ये ती उद्धृत होत राहिली. पण 2017 मध्ये वाहिदे केइखा, मार्टेन लॉफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक बहुभुज दाखवला जिथे ती चुकते. नुसती त्रिकोणासाठीच नाही. त्याच धर्तीची चौकोनासाठीची पद्धतही चुकते, हेही त्यांनी दाखवलं. मधे 38 वर्षं गेली होती.

चूक कुठे आहे ते आता तुम्हाला दिसेल. तीन पॉइंटरना आपण एकेक करून वरचे दोन प्रश्न विचारू. a आणि b जागेवर आहेत, c सरकतोय: पाया ab ही एक सरळ रेषा आहे, तिच्यापासूनची अंतरं एकशिखरी, म्हणून शेजारी बघून थांबणं बरोबर. a जागेवर ठेवून b पुढे नेला: रेषा ab एकाच दिशेनं फिरते, म्हणून c ची योग्य जागाही त्याच दिशेनं पुढे जाते. इथपर्यंत सगळं सिद्ध होतं. पण b कुठे थांबवायचा? दरवेळी c ला सर्वोत्तम जागी ठेवून b सरकवला, तर क्षेत्रफळ एकदाच चढून उतरतं असं मानायला कसलाही आधार नाही. आणि a पुढे गेल्यावर b आणि c ची आधीची जागाच सुरुवात म्हणून चालेल, यालाही नाही. दोन पॉइंटरपुरता असलेला पुरावा तिसऱ्यालाही आपोआप लागू पडेल असं धरलं गेलं.

केइखा आणि सहकाऱ्यांनी दिलेली दुरुस्तीही नेमकी या जागेवरच बोट ठेवते: थोडा बदल केला तर हीच पद्धत बरोबर चालते, पण n² च्या पटीत. कशी, ते वरच्या विचारावरून तुम्ही स्वतः काढू शकता. प्रत्येक a साठी b आणि c नव्यानं सुरुवातीला आणायचे. b ला कुठेही न थांबवता शेवटपर्यंत न्यायचं, c त्याच्या मागून सिद्ध झालेल्या नियमानं सरकेल. एका a साठी n च्या पटीत काम, आणि a आहेत n. जिथे पुरावा आहे तिथे पॉइंटर पुढे ठेवायचा, जिथे नाही तिथे मुकाट्यानं परत आणायचा. n च्या पटीतलं बरोबर उत्तरही आहे: शरत चंद्रन आणि डेव्हिड माउंट यांची 1992 ची पद्धत. पण तिथे पॉइंटर काय म्हणून पुढे सरकतात, याचा युक्तिवाद वेगळा आणि बराच खोल आहे. 2017 मध्येच काई जिन यांनीही n च्या पटीतली एक पद्धत दिली.

इतकी वर्षं कुणाला दिसलं कसं नाही? माझा अंदाज सांगते, तो अंदाज म्हणूनच घ्या. आपण पद्धत तपासायला हातानं चित्र काढतो, आणि हातानं काढलेला बहिर्वक्र बहुभुज हमखास गोलसर येतो. गोलसर आकारात दरी पडत नाही. माझ्या बाबतीत तर तसंच झालं. पहिल्या खेपेचे सगळे कण नदीतले, झिजून गुळगुळीत झालेले होते.

म्हणून तपासायची पद्धत मी बदलली आहे. आता असा प्रोग्रॅम लिहिला की सोबत सगळ्या जोड्या तपासणारा मठ्ठ प्रोग्रॅमही लिहिते आणि छोट्या आकारांवर दोघांची उत्तरं जुळवते. सहा-सात शिरोबिंदू पुरतात. मोठे आकार घेतले की चूक लपते, कारण कुठल्या ना कुठल्या बाजूनं बरोबर जोडी सापडून जाते. यादृच्छिक आकारांवर भिस्त ठेवत नाही. एका टोकाला निमुळते, अतिशय चपटे, तिघे जवळजवळ एका रेषेत आलेले, असे मुद्दाम वाकडे आकार बनवते. आणि सहनिर्देशक पूर्णांक ठेवते, म्हणजे 38800 आणि 40000 मधला फरक दशांशाच्या गोळाबेरजेवर ढकलता येत नाही. माझ्या पहिल्या आठवड्यात मी नेमकं तेच केलं होतं.

आणि एक कबुली राहिली. माझ्या कणांच्या बहुभुजांना दोनशेच्या आसपास शिरोबिंदू असतात. दोनशे शिरोबिंदूंच्या सगळ्या जोड्या 19,900. संगणकाला ते काहीच नाही; फोटो उघडायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे मुळात मला दोन पॉइंटरची गरजच नव्हती. सध्या माझ्या प्रोग्रॅममध्ये व्यासासाठी सगळ्या जोड्या तपासणारी चार ओळींची दुहेरी फेरी आहे, आणि फिरते कॅलिपर तिच्या शेजारी, तपासणीपुरते.